पडदा सरकवण्याआधी जुन्या बोधचिन्हाबद्दल बोला

प्रश्न: "नाशिकमधल्या आमच्या शाळेचं बोधचिन्ह बदलतंय. स्नेहसंमेलनात विद्यार्थी, पालक आणि माजी विद्यार्थी अशा सगळ्यांसमोर त्याचं अनावरण आहे आणि मुख्याध्यापिका म्हणून भाषण मला करायचंय. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आत्ताच नाराजी सुरू झालीये. किती वेळ बोलू, काय बोलू, आणि पडदा आधी उघडू की भाषणानंतर?"

मॅडम, पडद्याचं आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यावर बेतलेलं आहे. पडदा भाषणाच्या आधी नको आणि नंतरही नको. मध्ये उघडा. आठ मिनिटांचं भाषण धरलं तर पहिली तीन मिनिटं जुन्या चिन्हाबद्दल बोला, मग पडदा सरकवा, आणि उरलेली पाच मिनिटं नव्या चिन्हाला आणि पुढच्या व्यवस्थेला द्या.

मी नाशकातल्या शाळा-कॉलेजांच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करतो आणि संस्थाचालकांना, मुख्याध्यापकांना भाषणं लिहायला मदत करतो. दोन्ही टोकांचे प्रकार पाहिलेत. पडदा आधी उघडला की लोक चित्राकडे बघतात, शेजारच्याच्या कानात "बरं आहे" किंवा "आधीचंच चांगलं होतं" म्हणून मोकळे होतात, आणि तुमचं भाषण निकाल लागल्यावर केलेल्या युक्तिवादासारखं होऊन बसतं. पडदा शेवटी ठेवला तर न दिसणाऱ्या गोष्टीचं वर्णन लोकांना दहा मिनिटं ऐकावं लागतं. आणि ती दिसते तेव्हा त्यांच्या मनातल्या प्रश्नांना उत्तर द्यायला तुम्ही माइकपाशी नसता. सूत्रसंचालकाने तोवर तिसरीच्या मुलींचं नृत्य जाहीर केलेलं असतं.

आता नाराजीबद्दल. ती चित्रावर आहे असं धरून चालू नका, कारण चित्र अजून कोणी पाहिलेलंच नाही. तुमच्या समोर तीन गट बसणार आहेत आणि तिघांच्या मनात तीन वेगळे प्रश्न आहेत. माजी विद्यार्थ्याला कळायला हवं असतं की त्याच्या वेळची शाळा पुसली जातेय का. पालकाला नवा बिल्ला, नव्या वह्या, कदाचित नवा गणवेश, यातलं किती आपल्या खिशातून जाणार हे हवं असतं. विद्यार्थ्याचा प्रश्न सगळ्यात सरळ असतो: हे कोणी ठरवलं आणि आम्हाला का नाही विचारलं? चिन्हाचा अर्थ उत्तम समजावून सांगितला तरी यातल्या एकाही प्रश्नाला उत्तर मिळत नाही. बहुतेक भाषणं इथेच फसतात, कारण अख्खं भाषण अर्थ सांगण्यात जातं.

एक गोष्ट मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, ती म्हणजे चिन्ह का बदललं. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मला भेटलेली कारणं सांगतो, तुमचं कोणतं ते तुम्ही बघा. काही जुन्या शाळांच्या चिन्हात वर अशोकस्तंभाचे सिंह होते. राष्ट्रीय प्रतीकाच्या अनुचित वापरावर बंदी घालणारा 2005 चा कायदा आहे आणि खासगी संस्थेला ते परस्पर वापरता येत नाही. तुमचं कारण हे असेल तर प्रश्नच मिटला. एका वाक्यात सांगा, कोणी वाद घालणार नाही. दुसरं कारण तांत्रिक असतं: जुनं चिन्ह इतकं भरगच्च की ओळखपत्रावर काळा डाग दिसतो. तिसरं म्हणजे मराठी माध्यमाला इंग्रजी माध्यम आणि ज्युनियर कॉलेज जोडलं गेलंय आणि तिघांची तीन चिन्हं झाली आहेत. चौथं नाजूक असतं, संस्थेत कार्यकारिणी बदलली आणि नव्या लोकांना नवं काहीतरी हवं होतं. असं असेल तर कारणाचा फुगा फुगवू नका. "संस्थेने निर्णय घेतला" एवढं म्हणून पुढे जा. न घडलेली कहाणी रचलीत तर माजी विद्यार्थ्यांत खरी माहिती असलेला एक तरी बसलेला असतोच.

जुन्या नाशकातल्या एका शाळेचं उदाहरण घेऊन भाषण कसं बांधलं ते सांगतो. त्यांचं जुनं चिन्ह म्हणजे एक ढाल. ढालीत समई, उघडं पुस्तक, कमळ, मागे उगवता सूर्य आणि खाली महाराष्ट्राचा नकाशा. त्याच्याही खाली फितीवर "सा विद्या या विमुक्तये". शाळेच्याच चित्रकलेच्या सरांनी ते काढलं होतं. नव्या चिन्हात समईची एकच ज्योत ठेवली, तिच्याखाली घाटाच्या तीन पायऱ्या आणि पायऱ्यांखाली पाण्याची एक रेघ. ब्रीदवाक्य तेच. कारण तांत्रिक होतं. शर्टाच्या खिशावरचा बिल्ला जेमतेम दोन-अडीच इंचांचा, त्यावर भरतकामाच्या मशीनने नकाशाची किनार आणि पुस्तकाच्या ओळी उमटतच नव्हत्या, धाग्यांचा नुसता गठ्ठा व्हायचा.

मुख्याध्यापकांनी आधी लिहून आणलेलं भाषण "शिक्षण हे वाघिणीचं दूध" इथून सुरू होऊन तिसऱ्या पानावर चिन्हापाशी पोचत होतं. ते बाजूला ठेवलं आणि आम्ही कार्यालयातलं जुनं कपाट उघडलं. त्यात शाळेच्या लेटरहेडसाठी छापखान्यात वापरायचा जस्ताचा ब्लॉक सापडला. लाकडी ठोकळ्यावर ठोकलेला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, कोपऱ्यांत वाळलेली शाई, आणि अर्थातच सगळी अक्षरं उलटी. भाषणाची सुरुवात तिथून झाली. सरांनी तो हातात घेऊन समोर धरला आणि म्हणाले:

"हा ठोकळा मागे बसलेल्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. हे आपल्या शाळेचं बोधचिन्ह आहे, उलटं. छापखान्यात याच्यावर शाई लावून कागद दाबला की सुलटं उमटायचं. इथे बसलेल्या आजी-आजोबांच्या दाखल्यावर, त्यांच्या मुलांच्या प्रगतिपुस्तकावर जे चिन्ह आहे ते या ठोकळ्यातून आलंय. आपल्या चित्रकलेच्या सरांनी ते हाताने काढलं. त्यांच्या घरचे आज पहिल्या रांगेत आहेत. त्यांच्यासाठी आधी टाळ्या होऊ द्यात, मग पुढचं बोलतो."

यात काय काय झालं ते बघा. जुन्या चिन्हाला मान मिळाला, तोही नव्याचा चेहरा दिसण्याआधी. चिन्ह काढणाऱ्या सरांचा उल्लेख झाला, त्यांच्या घरच्यांना बोलावलेलं होतं. आणि पोरं गप्प झाली, कारण सरांच्या हातात काहीतरी वस्तू होती. तुमच्याकडे ब्लॉक नसेल तर जुना बिल्ला, जुनी ढाल, पहिल्या वर्षाचं हजेरीपुस्तक, काहीतरी शोधा. पण खरंच शाळेचं असलं पाहिजे. फ्लेक्सवर छापलेला जुना फोटो ते काम करत नाही.

त्यानंतर कारण. ते तीन-चार वाक्यांतच सांगा आणि कोणाला दोष न देता सांगा. वरच्या शाळेत सरांनी एवढंच म्हटलं की हे चिन्ह काढलं तेव्हा ते लेटरहेडवर आणि प्रवेशद्वारावर लागणार होतं. आज ते खिशावरच्या बिल्ल्यावर, ओळखपत्रावर आणि मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढं दिसायला हवं, आणि तिथे त्यातलं काहीच दिसत नाही. "जुनं चिन्ह कालबाह्य झालं", "काळासोबत बदलावं लागतं" असली वाक्यं कटाक्षाने टाळा. ज्याने त्या चिन्हाखाली दहा वर्षं काढली त्याला ते स्वतःबद्दल बोललेलं वाटतं.

आता पडदा. इथे शब्दांपेक्षा व्यवस्था महत्त्वाची. मखमली पडदा आणि दोरी हा प्रकार दिसायला छान, पण दोरी अडकते आणि पाहुणे हसत हसत ती ओढत राहतात. त्यापेक्षा कापड वरच्या काठाला वेल्क्रोने लावा आणि दोन बाजूंना दोन विद्यार्थी उभे करा, एक सगळ्यात लहान वर्गातला आणि एक दहावीतला. मैदानावर वारा असेल तर कापडाच्या खालच्या काठात वजन शिवून घ्या, नाहीतर तुम्ही कारण सांगत असतानाच चिन्ह अर्धं उघडं पडतं. प्रोजेक्टरवर दाखवणार असाल तर अंधार पडल्याशिवाय काही दिसणार नाही, हे वेळापत्रकात धरा. आणि जानेवारीतल्या नाशकात मोकळ्या मैदानावर सात वाजून गेले की बालवाडीतली पोरं आणि त्यांच्या आया निघायला लागतात. म्हणून अनावरण कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच घ्या. पाहुणे उशिरा आले तर त्यांचा सत्कार नंतर होईल, काही बिघडत नाही.

पडदा सरकला की किमान वीस सेकंद काही बोलू नका. सगळे मोबाइल वर गेलेले असतात, टाळ्या चाललेल्या असतात, त्या वेळात बोललेलं कोणालाच ऐकू जात नाही. आपल्याकडे बहुतेकांना माइकसमोर शांत उभं राहणं जमत नाही आणि नेमकं सगळ्यात चांगलं वाक्य त्याच गोंगाटात वाया जातं. कागदावर तिथे मोठ्या अक्षरात "थांबा" लिहून ठेवा.

मग अर्थ. चिन्हात पाच गोष्टी असतील तरी बोला दोनबद्दलच. बाकीच्या छापील पत्रकात जाऊ देत. वरच्या शाळेने पायऱ्या आणि ब्रीदवाक्य निवडलं. पायऱ्यांबद्दल पहिल्या मसुद्यात "यशाच्या पायऱ्या" होत्या, आणि ज्ञान, शील, एकता अशी तीन पायऱ्यांना तीन नावं. हे कोणत्याही गावातल्या कोणत्याही शाळेच्या चिन्हाला चिकटवता येतं, म्हणून ते कोणाच्या लक्षात राहत नाही. मी विचारलं, चित्र काढणाऱ्या मुलीने पायऱ्या का काढल्या? तिला विचारल्यावर कळलं की तिच्या डोक्यात गोदावरीच्या गंगाघाटावरचा दुतोंड्या मारुती होता. पावसाळ्यात पाणी पायऱ्या चढून मारुतीच्या कुठवर आलं यावर नाशिककर पुराचा अंदाज घेतात, घराघरांत तेवढाच प्रश्न असतो: "कमरेपर्यंत आलं का?" मग भाषणात हे आलं:

"या पायऱ्या तुम्ही रोज बघता. पावसाळ्यात आपण सगळे विचारतो, पाणी कुठवर आलं? कोणत्या पायरीवर, मारुतीच्या गुडघ्याला की छातीला? पाणी किती वाढलं ते पायरीवर कळतं. शाळेतही तुम्ही किती वाढलात ते वर्गाच्या पायरीवर कळतं. ही तिन्ही पायऱ्यांची कल्पना आपल्या नववीतल्या विद्यार्थिनीची आहे. उभी राहा बाळा, सगळ्यांना दिसू दे."

हे ऐकून समोरचे हसले, आणि चिन्ह नाशिकचं झालं. इथे एक मोह आवरायचा असतो. नाशिक म्हटलं की काळाराम, पंचवटी, द्राक्षं, कुंभमेळा, पांडवलेणी, कुसुमाग्रज, सगळं एका परिच्छेदात कोंबावंसं वाटतं. चित्रात पाणी आणि पायऱ्या आहेत, तर पाणी आणि पायऱ्यांबद्दलच बोला. चित्रात नसलेलं काहीही त्यात वाचू नका.

नदीबद्दल बोलताना आणखी एक. गोदावरीला आपल्या सगळ्यांच्या तोंडी "गंगेवर जाऊन येतो" असंच असतं, मग तो कोणत्याही धर्माचा असो. त्यामुळे गंगाघाट म्हणायला काहीच हरकत नाही. पण तिथून पुढे पापक्षालन आणि तीर्थमाहात्म्यावर गेलात तर समोरच्यांपैकी काही पालकांना आपण या चिन्हात आहोत की नाही असा प्रश्न पडेल. शाळेचं चिन्ह आहे, नदी सगळ्यांच्या नळाला येते, तेवढ्यावर थांबा.

रंगांबाबत तर मी फारच सावध असतो. "केशरी म्हणजे त्याग, निळा म्हणजे विशालता, हिरवा म्हणजे समृद्धी" ही यादी पाठ असल्यासारखी भाषणात येते. आपल्या राज्यात भगवा, निळा, हिरवा, प्रत्येक रंगामागे लोक आपापला झेंडा शोधतात. तुम्ही त्यागाबद्दल बोलत असता आणि तिकडे ग्रुपवर वेगळीच चर्चा सुरू झालेली असते. चिन्हात ज्योत असेल तर ती ज्योतीच्या रंगाची आहे, पाणी पाण्याच्या रंगाचं आहे, एवढंच म्हणा. डिझाइन ठरताना विचारलं असतंत तर मी एका रंगाचं चिन्ह करा म्हटलं असतं. शिक्क्यावर आणि झेरॉक्सवर ते एकाच रंगात जाणार असतं. पण आता ते झालेलं आहे.

ब्रीदवाक्यावर थोडं सविस्तर, कारण इथे जाणकार माजी विद्यार्थी पकडतात. "सा विद्या या विमुक्तये" हे किती तरी शाळांचं ब्रीद आहे आणि भाषणात सर्रास "उपनिषदात म्हटलंय" असं ठोकून दिलं जातं. ते वाक्य विष्णुपुराणातलं आहे, पहिल्या अंशातल्या एकोणिसाव्या अध्यायातलं. आणि त्याची गंमत संदर्भात आहे. गुरूंकडे शिकून आलेल्या प्रल्हादाला त्याचा बाप हिरण्यकशिपू राजनीतीबद्दल विचारतो, मित्राशी कसं वागावं, शत्रूशी कसं. त्या उत्तरात प्रल्हाद हे म्हणतो. म्हणजे ते कोणा ऋषीने शिष्याला सांगितलेलं वाक्य नाही. काय शिकलास असं विचारणाऱ्या बापाला एका शिकणाऱ्या पोराने दिलेलं उत्तर आहे. मुलांसमोर हे सांगितलंत की ब्रीदवाक्य एकदम त्यांच्या बाजूचं होतं. तुमचं ब्रीद वेगळं असेल तर त्याचा मूळ ग्रंथ आणि कोण कोणाला म्हणतं हे एखाद्या संस्कृतच्या शिक्षकांकडून नक्की करून घ्या. सापडलं नाही तर ग्रंथाचं नाव घेऊच नका.

आणि छापलेलं वाक्य स्वतः वाचा. जुन्या फॉन्टमधून नव्या फॉन्टमध्ये मजकूर नेताना जोडाक्षरं तुटतात, "विद्या"मधला द्य सुटा होतो, रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसतो. एका ठिकाणी पडदा सरकल्यावर पहिलं वाक्य ऐकू आलं ते मागच्या रांगेतल्या निवृत्त बाईंचं: "अहो, वेलांटी चुकलीय." त्यापुढे त्या दिवशी दुसरा विषय निघाला नाही. फलक छापायला जाण्याआधी दोन वेगळ्या माणसांनी तो वाचला पाहिजे, आणि त्यात एक तरी मराठीच्या बाई असाव्यात.

यानंतरचा भाग भाषणासारखा वाटत नाही, सूचनांसारखा वाटतो, म्हणून तो गाळला जातो. खरं तर पालक त्याचीच वाट बघत असतात. वरच्या शाळेत तो असा गेला:

"आता खर्चाचं. या वर्षी कोणीही नवा बिल्ला, नवी वही, नवा गणवेश घ्यायचा नाही. जूनमध्ये नवीन प्रवेश घेणाऱ्यांना नवा बिल्ला मिळेल. बाकीच्यांचा गणवेश आखूड होईपर्यंत जुना बिल्ला चालेल, वर्गात दोन्ही दिसले तरी कोणाला बोलणी बसणार नाहीत. बिल्ला अमुक दुकानातूनच घ्या असं शाळा सांगणार नाही."

"गणवेश आखूड होईपर्यंत" या शब्दांवर पालकांकडून सगळ्यात मोठ्या टाळ्या आल्या. पण यातलं प्रत्येक वाक्य शाळा समितीत आधी ठरलेलं असलं पाहिजे. माइकवर उत्साहात जाहीर केलेली सवलत दुसऱ्या दिवशी मागे घेणं फार जड जातं. ठरलं नसेल तर "बिल्ल्याबद्दलचं परिपत्रक अमुक तारखेपर्यंत येईल" एवढं सांगा, तारीख मात्र द्या.

याच ओघात दाखल्यांबद्दल एक वाक्य टाका. माजी विद्यार्थ्यांत, विशेषतः बाहेरगावी किंवा परदेशी असलेल्यांत, हमखास शंका असते की शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं चिन्ह बदललं तर जुना दाखला चालेल का. चालतोच. दाखला उभा असतो जनरल रजिस्टरमधल्या नोंदीवर, शाळेच्या शिक्क्यावर आणि मुख्याध्यापकांच्या सहीवर. वरचं चित्र शोभेचं असतं. हे तुमच्या तोंडून एकदा आलं की कार्यालयातल्या लिपिकांचे पुढचे सहा महिन्यांचे फोन वाचतात.

शेवट माजी विद्यार्थ्यांसाठी ठेवा, आणि तिथे भावनेपेक्षा यादी जास्त उपयोगाची. जुनं चिन्ह कुठे कुठे राहणार आहे? कोनशिलेवर राहील, कारण दगड कोणी खरवडणार नाही. गुणवंतांच्या सन्मानफलकावर राहील. कपाटातल्या जिंकलेल्या ढालींवर राहील. वरच्या शाळेने आणखी एक केलं: दरवर्षी माजी विद्यार्थी देतात त्या पारितोषिकाच्या प्रमाणपत्रावर जुनंच चिन्ह छापायचं ठरवलं. हे जाहीर झाल्यावर ग्रुपवर सगळ्यात तापलेले गृहस्थच प्रमाणपत्राच्या छपाईचा खर्च द्यायला उभे राहिले. तुमच्याकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण "जुन्या आठवणी आपल्या हृदयात कायम राहतील" यापेक्षा "कोनशिला आणि सन्मानफलक आम्ही बदलणार नाही" हे माणसाला पटतं, कारण ते त्याला जाऊन बघता येतं.

सहमतीबद्दल खोटं बोलू नका, हेही इथेच सांगतो. "सर्व घटकांशी चर्चा करून" हे वाक्य परिपत्रकातून आपोआप भाषणात येतं. चर्चा झाली असेल तर कोणाशी ते सांगा: चित्रकला स्पर्धा घेतली, नववीतल्या मुलीचं रेखाटन निवडलं, व्यावसायिक चित्रकाराकडून ते नीट करून घेतलं. झाली नसेल तर हे वाक्य कापा. आणि कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी ग्रुपवरच्या चार-पाच जुन्या, बोलक्या माणसांना शाळेत चहाला बोलावून चिन्ह दाखवा. मत मागायला नव्हे, दाखवायला. मत मागितलंत आणि बदल केला नाहीत तर राग दुप्पट होतो. फोटो बाहेर जाईल ही भीती खरी आहे, म्हणून मोबाइलवर न पाठवता कागदावर दाखवा.

विद्यार्थिनीने किंवा बाहेरच्या चित्रकाराने काढलेलं चिन्ह असेल तर "हे आता शाळेचं" म्हणण्याआधी हक्क लेखी घेतलेत का ते बघा. कॉपीराइटचा हक्क सोपवायचा तर लेखी आणि सहीनिशी सोपवावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षंच धरतो, म्हणून मुदतीचा उल्लेख हवाच. विद्यार्थिनी अल्पवयीन असल्याने पालकांची सही घ्या. हा भाषणाचा विषय नाही, पण व्यासपीठावरून जाहीर होण्याआधी झालेला बरा.

लांबीबद्दल विचारलंत. मोठ्या मैदानावर, लाउडस्पीकरवरून मिनिटाला शंभर-सव्वाशेपेक्षा जास्त शब्द गेले की मागच्या बाजूला आवाजात आवाज मिसळतो. म्हणजे आठ मिनिटांसाठी साधारण नऊशे शब्द, टाळ्या आणि पडद्याची शांतता धरून त्याहून कमीच. ही जागा कुठून काढायची? सुरुवातीच्या नावांमधून. "व्यासपीठावर उपस्थित आदरणीय..." ही यादी सूत्रसंचालकाने आधीच वाचलेली असते, तुम्ही ती परत वाचलीत तर दोन मिनिटं गेली. "नमस्कार, आणि माजी विद्यार्थ्यांनो, घरी परत आलात, बरं वाटलं" एवढ्यावर सुरुवात करून थेट हातातल्या वस्तूवर या. अध्यक्षांना वाईट वाटेल अशी धाकधूक असेल तर त्यांना आधी सांगून ठेवा, आणि आभार प्रदर्शनात त्यांचं नाव पहिलं येऊ द्या.

भाषण कागदावर लिहा, पण वाचायला फक्त सूचनांचा भाग ठेवा, कारण तिथे तारीख चुकून चालत नाही. जुन्या चिन्हाचा भाग न वाचता बोला. आणि आदल्या दिवशी संध्याकाळी मैदानात शेवटच्या खुर्चीवर बसून फलकाकडे बघा. तिथून ब्रीदवाक्य वाचता येत नसेल तर फलक मोठा करून घ्या, किंवा भाषणात ते वाक्य पूर्ण उच्चारा.

कार्यक्रम संपला की त्याच रात्री ग्रुपवर आणि पालकांना एकच मजकूर पाठवा: चिन्हाचा स्वच्छ फोटो, चित्र काढणाऱ्यांचं नाव, बिल्ल्याची तारीख, आणि जुनं चिन्ह कुठे कुठे राहणार त्याची यादी. शब्द भाषणातलेच ठेवा. उशीर केलात तर कोणीतरी तिरक्या कोनातून काढलेला, अर्धा पडदा अडकलेला फोटो तोवर सगळीकडे फिरलेला असेल.